सर्व्हर चालू, इंटरनेट चालू, तरी बिल का निघत नाही? आयपी व्हाइटलिस्टिंग आणि नॅट गेटवेची गोष्ट

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत संध्याकाळी एखाद्या फाउंड्रीच्या गेटवर कास्टिंग भरलेली गाडी उभी असते. रात्रीत पुणे गाठून सकाळी ग्राहकाच्या गेटवर माल उतरवायचा असतो. माल तयार, गाडी तयार, ड्रायव्हर तयार. पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ई-इनव्हॉइस काही निघत नाही. सॉफ्टवेअर उघडतं, बिल भरता येतं, 'जनरेट' दाबल्यावर मात्र चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट' असा मेसेज येतो. इंटरनेट तपासलं तर व्यवस्थित आहे. सरकारी पोर्टल मोबाइलवर उघडून पाहिलं तर तेही चालू आहे.

अशा वेळी पहिला संशय 'सरकारी सर्व्हर डाउन आहे' असाच येतो आणि कधीकधी तो खराही असतो. पण एक कारण असंही आहे, जे कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. बिलिंग सॉफ्टवेअर ज्या क्लाउड सर्व्हरवर चालतं, त्याचा बाहेर जाण्याचा पत्ता बदललेला असतो आणि समोरच्याच्या यादीत अजून जुनाच पत्ता असतो. हे नेमकं काय असतं, आणि तो पत्ता कायमचा एकच कसा ठेवायचा, ते समजून घेऊया.

पत्त्यावर गाडी का अडते?

१ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यवसायांना दुसऱ्या व्यवसायाला माल विकताना ई-इनव्हॉइस काढावं लागतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ही मर्यादा ५०० कोटी होती, ती टप्प्याटप्प्याने खाली आली आणि कोल्हापुरातल्या मध्यम आकाराच्या फाउंड्री, मशिन शॉपही त्यात आले. बिलाची माहिती इनव्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलकडे पाठवायची, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो. ज्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे त्यांचं बिल आयआरएनशिवाय नियमाने बिलच धरलं जात नाही, आणि मग खरेदीदाराचं इनपुट क्रेडिट अडचणीत येतं. म्हणून आयआरएन नसलेली गाडी शहाणा मालक गेटबाहेर सोडत नाही. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीच्या व्यवसायांना ३० दिवसांपेक्षा जुनं बिल पोर्टलवर चढवताही येत नाही.

दिवसाला पाच-सात बिलं असतील तर माणूस पोर्टलवर बसून भरू शकतो. पन्नास-शंभर असतील तर सॉफ्टवेअरनेच थेट पोर्टलशी बोलायला हवं. या बोलण्याच्या सोयीला एपीआय म्हणतात. एनआयसीच्या यंत्रणेशी थेट एपीआय जोडणी घेताना तुमच्या सर्व्हरचा भारतातला, न बदलणारा, पब्लिक आयपी पत्ता नोंदवावा लागतो. लहान कंपन्या सहसा मध्यस्थ सेवा देणाऱ्यांमार्फत, म्हणजे जीएसटी सुविधा प्रोव्हायडरमार्फत जातात. तिथे एनआयसीच्या यादीत त्या मध्यस्थाचा पत्ता असतो, आणि तो मध्यस्थही अनेकदा तुमचा पत्ता स्वतःच्या यादीत मागतो.

या नोंदणीला सगळे 'आयपी व्हाइटलिस्टिंग' म्हणतात. हल्ली काही जण 'अलाउलिस्ट' म्हणतात, अर्थ तोच. बँकेची कॉर्पोरेट एपीआय घेतली तर तिथेही हाच फॉर्म येतो. शेअर बाजारात स्वतःचा प्रोग्राम लिहून ऑर्डर टाकणाऱ्या हौशी मंडळींनाही हा शब्द आता नवा राहिलेला नाही. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार ब्रोकरची एपीआय वापरायची तर ब्रोकरने व्हाइटलिस्ट केलेल्या स्टॅटिक आयपीवरूनच वापरता येते.

यादी काम कशी करते, हे एमआयडीसीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मोठ्या कंपनीच्या गेटवर वॉचमनकडे गाड्यांच्या नंबरांची यादी असते. नंबर यादीत असेल तरच गाडी आत, मग गेटपास, मग चलन तपासणी. आतला युजरनेम-पासवर्ड म्हणजे तो गेटपास. आयपी पत्ता म्हणजे गाडीचा नंबर. नंबरच यादीत नसेल तर गेटपास कितीही खरा असला तरी तो दाखवायची वेळच येत नाही.

पत्ता कुठला द्यायचा, इथेच पहिली चूक होते

पार्टनरकडून मेल येतो, 'तुमच्या सर्व्हरचा आयपी कळवा.' सॉफ्टवेअर बघणारा मुलगा काय करतो? आपल्या वेबसाइटच्या नावाला ping करतो आणि आलेला आकडा कळवून टाकतो. किंवा सर्व्हरवर जाऊन ip addr चालवतो आणि तिथे दिसलेला 10.0.11.24 सारखा पत्ता पाठवतो. हे दोन्ही चुकीचे.

10 ने, 192.168 ने किंवा 172.16 ते 172.31 यांनी सुरू होणारे पत्ते घरातल्या खोल्यांच्या नंबरासारखे असतात. ते फक्त आतल्या जाळ्यात चालतात. 'मी हॉलमधून बोलतोय' असं फोनवर सांगितलं तर समोरच्याला गाव कळत नाही, तसं. वेबसाइटला ping केल्यावर येणारा पत्ता हा लोक तुमच्याकडे *येतात* तो पत्ता असतो. तो बहुतेक वेळा लोड बॅलन्सरचा किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेचा असतो. पार्टनरला हवा असतो तो तुम्ही त्याच्याकडे *जाताना* दिसणारा पत्ता. येण्याचं दार आणि जाण्याचं दार वेगळं असू शकतं, आणि क्लाउडमध्ये ते सहसा वेगळंच असतं.

बाहेर जाताना दिसणारा पत्ता कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे बाहेरच्याच कुणाला तरी विचारणं. ज्या सर्व्हरवरून एपीआय कॉल होतो, त्याच सर्व्हरवर बसून हे चालवायचं:

```
curl -s https://checkip.amazonaws.com
```

उत्तरात एकच पत्ता येतो. तोच खरा. ही कमांड ऑफिसच्या लॅपटॉपवर चालवली तर ऑफिसच्या ब्रॉडबँडचा पत्ता येईल, सर्व्हरचा नाही. हे सांगायचं कारण असं की कळवलेला पत्ता ऑफिसचाच निघाला, असं सर्रास होतं. आणि साध्या ब्रॉडबँडला किंवा मोबाइल डेटाला स्टॅटिक आयपी नसतोच. बऱ्याच कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवतात. तो पत्ता यादीत घालणं म्हणजे अख्ख्या गल्लीला आत सोडण्यासारखं.

पत्ता बदलतो तरी कसा?

एक काल्पनिक पण अगदी रोजचं उदाहरण घेऊया. समजा, कोल्हापुरातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चाळीस फाउंड्रींना बिलिंग सॉफ्टवेअर देते. सर्व्हर एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये आहे, ज्याचं कोड नाव ap-south-1. सुरुवातीला एकच सर्व्हर. एडब्ल्यूएसने तो तयार करताना त्याला आपोआप एक पब्लिक पत्ता दिला, समजा 198.51.100.40. तो पार्टनरला कळवला, चार दिवसांनी यादीत आला, बिलं निघू लागली. (या लेखातले पब्लिक पत्ते उदाहरणासाठी राखून ठेवलेले आहेत, ते खरे कुणाचे नाहीत.)

सहा महिन्यांनी सर्व्हर कमी पडू लागला. रविवारी दुपारी तो बंद केला, मोठ्या आकाराचा केला, पुन्हा चालू केला. सगळं छान. सोमवारी सकाळी एकाही फाउंड्रीचं बिल निघेना.

कारण सोपं आहे. एडब्ल्यूएसने आपोआप दिलेला पब्लिक पत्ता हा उधारीचा असतो. सर्व्हर नुसता रीबूट केला तर तो टिकतो. पण पूर्ण 'स्टॉप' करून पुन्हा 'स्टार्ट' केला की जुना पत्ता परत जातो आणि नवा मिळतो. ही गोष्ट महिनोन्महिने उघड होत नाही, कारण महिनोन्महिने कुणी सर्व्हर बंदच करत नाही.

यावरचा पहिला इलाज म्हणजे इलॅस्टिक आयपी. हा पत्ता तुमच्या खात्याच्या नावावर राहतो, तुम्ही स्वतः सोडेपर्यंत. तो सर्व्हरला चिकटवला की सर्व्हर कितीदाही बंद-चालू करा, पत्ता तोच. एकच सर्व्हर असेल आणि एकच राहणार असेल तर इथेच थांबावं. पुढचं काही करायची गरज नाही, आणि उगाच खर्चही नको.

पण आपल्या कंपनीचं काम वाढलं. महिनाअखेरीला बिलांची गर्दी व्हायची म्हणून त्यांनी ऑटो स्केलिंग लावलं, म्हणजे भार वाढला की दुसरा, तिसरा सर्व्हर आपोआप उभा राहतो आणि भार उतरला की मिटतो. आता आपोआप उभा राहणारा सर्व्हर स्वतःचा नवा पत्ता घेऊन येतो, जो कुणाच्याच यादीत नाही. मग तक्रारी विचित्र येऊ लागतात. 'पहिल्यांदा दाबलं तर गेलं नाही, दुसऱ्यांदा दाबलं तर गेलं.' 'त्यांच्या इथे चालतंय, आमच्या इथे नाही.' प्रत्येक नव्या सर्व्हरसाठी पार्टनरला मेल करणं तर शक्यच नाही. त्यांना यादीत पत्ता घालायला दिवस लागतात आणि हा सर्व्हर दोन तासांत मिटणार असतो.

नॅट गेटवे नेमकं काय करतो?

इथे हवी असते अशी व्यवस्था की आत सर्व्हर दोन असोत की वीस, बाहेर जाणारा माल एकाच नंबरच्या गाडीतून जावा. नॅट गेटवे ती गाडी आहे.

समजा आतल्या 10.0.11.24 या सर्व्हरने पार्टनरकडे बिल पाठवायला घेतलं. पाकीट आधी नॅट गेटवेकडे येतं. गेटवे त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा पब्लिक पत्ता, समजा 203.0.113.25, लिहितो आणि स्वतःचा एक पोर्ट नंबर देतो. 'या पोर्टवर उत्तर आलं तर ते 10.0.11.24 चं आहे' अशी नोंद तो स्वतःच्या तक्त्यात ठेवतो. उत्तर आलं की तक्ता बघून ते योग्य सर्व्हरकडे पोचवतो. पार्टनरला दिसतो फक्त 203.0.113.25. मागे किती सर्व्हर आहेत, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नसते.

तुमच्या घरचा वायफाय राउटर नेमकं हेच करतो. पाच मोबाइल, एक टीव्ही, आणि बाहेर एकच पत्ता.

उभारणीत तीन गोष्टी असतात. एक सबनेट 'पब्लिक' असतं, ज्याचा रस्ता थेट इंटरनेट गेटवेकडे जातो. नॅट गेटवे या पब्लिक सबनेटमध्ये ठेवायचा आणि त्याला इलॅस्टिक आयपी द्यायचा. दुसरं सबनेट 'प्रायव्हेट', तिथे तुमचे सर्व्हर, कुणालाही स्वतःचा पब्लिक पत्ता न देता. आणि तिसरी गोष्ट म्हणजे प्रायव्हेट सबनेटच्या राउट टेबलमध्ये एक ओळ: 'बाहेरचं सगळं नॅट गेटवेकडे पाठव.' कमांडने करायचं तर एवढंच:

```
aws ec2 allocate-address --domain vpc
aws ec2 create-nat-gateway --subnet-id <public-subnet> \
    --allocation-id <eipalloc-id>
aws ec2 create-route --route-table-id <private-rtb> \
    --destination-cidr-block 0.0.0.0/0 --nat-gateway-id <nat-id>
```

पहिल्या ओळीने पत्ता घेतला, दुसरीने त्या पत्त्याचा गेटवे उभा केला, तिसरीने रस्ता वळवला. दुसरीनंतर दोन-चार मिनिटं थांबावं लागतं, गेटवे available दिसेपर्यंत.

सगळ्यात जास्त गफलत होते ती तिसऱ्या ओळीत. गेटवे उभा केला, पैसे सुरू झाले, पण सर्व्हर अजून पब्लिक सबनेटमध्येच आहेत, स्वतःचा पब्लिक पत्ता घेऊन. अशा सर्व्हरची वाहतूक नॅटकडे फिरकतही नाही, ती थेट इंटरनेट गेटवेतून निघून जाते. गेटवे नुसता असून भागत नाही, रस्ता त्याच्याकडे जायला हवा. उलटी गफलतही होते: नॅट गेटवेच प्रायव्हेट सबनेटमध्ये ठेवला जातो. मग त्याला स्वतःलाच बाहेरचा रस्ता नसतो आणि सगळंच बंद पडतं. दोन्हीची परीक्षा एकच. प्रत्येक सर्व्हरवरून वरची checkip वाली कमांड चालवा. सगळीकडून नॅटचाच पत्ता आला पाहिजे. एकाही सर्व्हरवरून दुसरा आला तर त्याच्या सबनेटचं राउट टेबल बघा.

नॅट हे फक्त जाण्याचं दार आहे, हेही ध्यानात हवं. बाहेरून कुणी नवीन संपर्क करायला आलं तर नॅट त्याला आत घेत नाही. म्हणून फाउंड्रीतला कारकून ज्या वेब पत्त्यावर सॉफ्टवेअर उघडतो, त्यासाठी पब्लिक सबनेटमध्ये लोड बॅलन्सर लागतोच. पार्टनर स्वतःहून काही कळवणार असेल, जसं बँक 'पैसे जमा झाले' असं कळवते, तर तेही लोड बॅलन्सरवरूनच येणार. आणि डेव्हलपर आधी घरून थेट एसएसएच करत असतील तर सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये गेल्यावर ते बंद होईल. त्यासाठी एडब्ल्यूएसचं सेशन मॅनेजर आधी लावून, तपासून ठेवावं. नाहीतर सर्व्हर सुरक्षित होतो आणि मालक बाहेर राहतो.

पार्टनरला मेल कसा करायचा?

तांत्रिक काम तासाभराचं असतं. वेळ जातो तो पार्टनरकडे, कारण तिथे तुमचा मेल वाचणारा माणूस आणि फायरवॉलमध्ये बदल करणारा माणूस वेगळे असतात. मेल एका फेरीत मार्गी लागायचा असेल तर त्यात फायरवॉलवाल्याला लागणारं सगळं असावं. बाहेर जाताना दिसणारा पत्ता, 203.0.113.25/32 अशा रूपात. शेवटच्या /32 चा अर्थ 'हा एकच पत्ता, आजूबाजूचा पट्टा नाही'. तुम्ही त्यांच्या कोणत्या होस्टनेमवर आणि पोर्टवर येणार, बहुतेक वेळा 443. टेस्टिंगसाठी की प्रत्यक्ष वापरासाठी, कारण दोन्हींच्या याद्या जवळपास नेहमीच वेगळ्या असतात आणि एकीत घातलेला पत्ता दुसरीत आपोआप जात नाही. तुमचा क्लायंट कोड. आणि बदल झाल्यावर लगेच तपासून सांगू शकेल अशा माणसाचा फोन.

एक पत्ता मागितला असेल तरी दोन द्यायची परवानगी विचारावी. कारण असं की एडब्ल्यूएसचा नेहमीचा नॅट गेटवे एका अव्हेलेबिलिटी झोनमध्ये असतो, म्हणजे साधारण एका डेटा सेंटर समूहात. तो झोन पडला तर गेटवेही पडतो. म्हणून काळजी घेणारे लोक दोन झोनमध्ये दोन गेटवे ठेवतात, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. पण यादीत एकच पत्ता गेला असेल तर अर्ध्या सर्व्हरची बिलं अडतात. तीच 'कधी जातं, कधी नाही' तक्रार पुन्हा, आणि या वेळी कारण शोधायला जास्त वेळ लागतो, कारण सगळ्यांना वाटत असतं की नॅटचा प्रश्न मिटलाय. माझं मत असं की चाळीस फाउंड्रींच्या धंद्याला एक गेटवे चालू ठेवून दुसरा पत्ता नुसता यादीत घालून राखीव ठेवणं परवडतं. झोन पडलाच तर त्या पत्त्याचा गेटवे दहा मिनिटांत उभा करता येतो. यादीत नसलेला पत्ता मात्र दहा मिनिटांत यादीत जात नाही.

रीजनचा मुद्दाही इथेच येतो. भारतातलाच पत्ता मागणाऱ्या यंत्रणेला सिंगापूर किंवा अमेरिकेतल्या सर्व्हरचा पत्ता चालत नाही. स्वस्त पडतो म्हणून सर्व्हर बाहेरच्या रीजनमध्ये टाकला असेल तर नॅट त्यावर इलाज नाही. नॅटचा पत्ता त्याच रीजनचा असतो.

अडतंय ते नेमकं कुठे?

बिल अडलं की सर्व्हरवर बसून पार्टनरच्या पत्त्यावर नुसता हात लावून पाहायचा:

```
curl -v --connect-timeout 10 https://<partner-host>/
```

दहा सेकंद थांबून Connection timed out आलं तर बहुधा फायरवॉलने पाकीट गुपचूप टाकून दिलं. वॉचमनने गाडीकडे पाहिलंच नाही. यादीत पत्ता नसण्याचं हे नेहमीचं लक्षण. अर्थात तुमच्याच सिक्युरिटी ग्रुपने बाहेर जाणं बंद केलं असेल तरी असंच दिसतं. म्हणून आधी checkip चालतंय का पाहायचं. ते चालत असेल आणि पार्टनर चालत नसेल तर बोट पार्टनरच्या यादीकडे.

Connected दिसलं आणि नंतर 403 आला तर तुम्ही दारापर्यंत पोचलात. आता अडवणारी यादी आतल्या एपीआय गेटवेची असेल किंवा परवानगीची. काही पार्टनर इथे 'या आयपीला परवानगी नाही' असं लिहून त्यांना दिसलेला पत्ताही सांगतात. तो तुम्ही कळवलेल्याशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. फॉर्म भरताना 25 चा 52 झालेला असू शकतो. आणि 401 म्हणजे पत्ता पास झाला, भांडण पासवर्डशी आहे.

एक छुपं कारण आयपीव्ही६ चं. तुमच्या जाळ्यात आणि पार्टनरकडे, दोन्हीकडे आयपीव्ही६ चालू असेल तर सर्व्हर त्या रस्त्याने जाऊ शकतो, आणि तो रस्ता तुमच्या या नॅटच्या चौकोनी पत्त्यातून जात नाही. curl -4 ने चालतं आणि नुसत्या curl ने नाही, असं झालं तर कारण हेच समजावं.

आणखी एक, जे सकाळच्या पहिल्या बिलालाच त्रास देतं. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ३५० सेकंद काहीच वाहतूक न झालेलं कनेक्शन विसरतो. काही सॉफ्टवेअर पार्टनरशी एकदा जोडलेलं कनेक्शन उघडंच ठेवतात. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या जुन्या कनेक्शनवरून पहिलं बिल पाठवलं की connection reset, दुसऱ्यांदा दाबलं की जातं. इथे यादीचा काही संबंध नाही. सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांपेक्षा कमी वेळाचा कीपअलाइव्ह लावला की मिटतं.

खर्च किती?

मुंबई रीजनमध्ये नॅट गेटवेचा दर तासाला साधारण ५ ते ६ सेंट, म्हणजे महिन्याला ४० डॉलरच्या आसपास. शिवाय त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला साधारण तेवढाच दर, आणि फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, वापरात असो वा नसो. म्हणजे वर म्हटलेला राखीव पत्ता महिन्याला साडेतीन-चार डॉलरला पडतो.

बिलांचा डेटा किरकोळ असतो. एका बिलाची ये-जा २० केबी धरली तर १० हजार बिलांना २०० एमबी. खर्च वाढवतो तो बॅकअप. रोज रात्री डेटाबेसचा २० जीबी बॅकअप एस३ मध्ये जात असेल आणि तो नॅटमधून जात असेल तर महिन्याला ६०० जीबीचे पैसे विनाकारण. एस३ साठी गेटवे एंडपॉइंट फुकट मिळतो. तो लावला की बॅकअप आतल्या आत जातो आणि नॅटला हातही लागत नाही.

हा खर्चही नको असेल तर छोट्या लिनक्स सर्व्हरलाच नॅट बनवता येतं. चालतं, पण तो बंद पडला तर रात्री उठायचं कुणी, हे आधी ठरवावं. गूगल क्लाउडवर असाल तर क्लाउड नॅट करताना पत्ता 'ऑटोमॅटिक' ठेवू नका. तिथे तो बदलू शकतो. स्वतः राखून ठेवलेला पत्ता हाताने निवडा.

जुन्या पत्त्याचं काय?

नव्या पत्त्यावर जाताना क्रम महत्त्वाचा. आधी पार्टनरला सांगून जुन्याच्या जोडीला नवा पत्ता यादीत घालून घ्यायचा. मग प्रायव्हेट सबनेटमध्ये एक तात्पुरता सर्व्हर उभा करून त्यावरून टेस्ट बिल पाठवायचं. ते गेलं की रविवारी, बिलं बंद असताना, खरे सर्व्हर तिकडे हलवायचे. चालू दिवशी हे केलं तर अर्ध्यावर असलेली बिलं तुटतात आणि आयआरएन निघाला की नाही हे एकेक तपासत बसावं लागतं.

व्हाइटलिस्टिंगला पासवर्ड समजण्याची चूकही करू नये. त्या नॅटमागचा प्रत्येक सर्व्हर पार्टनरला सारखाच दिसतो. नव्या शिकाऊ मुलाने प्रयोगासाठी त्याच जाळ्यात उभा केलेला, पासवर्ड 'admin' ठेवलेला सर्व्हरसुद्धा. प्रयोगाचं जाळं वेगळं ठेवा, त्याचं जाण्याचं दारही वेगळं.

आणि सगळं सुरळीत झाल्यावर जुना 198.51.100.40 पार्टनरच्या यादीतून काढायला सांगा. हे काम नेहमी राहतं, कारण ते न केल्याने काहीच अडत नाही. पण सोडून दिलेला पत्ता एडब्ल्यूएस दुसऱ्या कुणाला तरी देतो. आता त्या अनोळखी माणसाची गाडी पार्टनरच्या गेटवर तुमच्या नंबराने उभी राहू शकते. आपोआप मिळालेल्या पत्त्यात हा धोका सर्व्हर बंद केल्या क्षणी सुरू होतो, म्हणून तिथे मेल त्याच दिवशी गेला पाहिजे. इलॅस्टिक आयपी असेल तर तो तुमच्या हातात असतो. नॅट गेटवे डिलीट केला तरी त्याचा इलॅस्टिक आयपी खात्यात शिल्लक राहतो आणि नव्या गेटवेला लावता येतो. पार्टनरचं 'यादीतून काढला' असं लेखी उत्तर येईपर्यंत तो 'रिलीज' करू नका.